दोन पंप, चार आकडे

एका सोसायटीत पाणी वरच्या टाकीत चढवायला दोन पंप आहेत असं समजू. एक मोठा, एक धाकटा. रोज सकाळी वॉचमन दोन्हींची बटणं दाबून बघतो आणि वहीत लिहितो: चालू, की बिघडलेला. काही महिने वही भरली की त्यातून एक हिशेब निघतो. मोठा पंप आज चालू असेल तर उद्या चालू असण्याची शक्यता ०.९, म्हणजे दहात नऊ वेळा. आज बिघडलेला असेल तर उद्यापर्यंत दुरुस्त होऊन चालू होण्याची शक्यता ०.५. धाकटा पंप जरा नाजूक आहे: आज चालू असेल तर उद्या चालू असण्याची शक्यता ०.८. पण त्याचे सुटे भाग पटकन मिळतात, त्यामुळे आज बिघडलेला असला तरी उद्या चालू होण्याची शक्यता ०.६. हे आकडे मी माझ्या सोयीने धरले आहेत, पण गणित खरं आहे.

प्रत्येक पंपाचा हिशेब चार आकड्यांच्या छोट्या चौकोनात मांडता येतो. असा चौकोन म्हणजे मॅट्रिक्स. आडवी ओळ आजची अवस्था सांगते, उभा स्तंभ उद्याची. पहिली जागा ‘चालू’ची, दुसरी ‘बिघडलेला’ची.

```
मोठा पंप          धाकटा पंप
०.९   ०.१         ०.८   ०.२
०.५   ०.५         ०.६   ०.४
```

आता मोठ्या पंपाकडे नीट बघा. आज चालू असेल तर उद्याची शक्यता ०.९, आज बिघडलेला असेल तर ०.५. या दोहोंतला फरक ०.४. म्हणजे ‘आज पंप कसा होता’ या माहितीचं उद्याच्या दृष्टीने वजन ०.४ इतकं आहे. परवाचं काय? आज चालू असलेला पंप परवा चालू असण्याची शक्यता काढायची तर मधल्या दिवशी तो चालू राहिला किंवा बिघडला, अशा दोन्ही वाटा धरायच्या: ०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.५, म्हणजे ०.८६. आज बिघडलेला असेल तर ०.५ × ०.९ अधिक ०.५ × ०.५, म्हणजे ०.७०. फरक ०.१६, म्हणजेच ०.४ चा वर्ग. तिसऱ्या दिवशी हा फरक ०.०६४ होतो, आणि पाचव्या दिवशी जेमतेम ०.०१ उरतो. पंपाला आपल्या आजच्या अवस्थेची जी आठवण असते, ती रोज ०.४ पटीने पुसट होत जाते.

हा ०.४ त्या मॅट्रिक्सचं एक आयगेनमूल्य आहे. आयगेनमूल्य या नावाला घाबरण्याचं कारण नाही. मॅट्रिक्स एखाद्या आकड्यांच्या जोडीवर चालवलं की ती जोडी साधारणपणे पार बदलून जाते. काही खास जोड्या मात्र अशा असतात, की त्यांचं आपसातलं प्रमाण तसंच राहतं आणि सगळे आकडे फक्त एका ठरावीक पटीने लहानमोठे होतात. ती पट म्हणजे आयगेनमूल्य, आणि ती जोडी म्हणजे आयगेनसदिश. मोठ्या पंपासाठी (१, −५) ही अशी जोडी आहे: ०.९ × १ अधिक ०.१ × (−५) बरोबर ०.४, आणि ०.५ × १ अधिक ०.५ × (−५) बरोबर −२, म्हणजेच ०.४ × (−५). दुसरी जोडी अगदीच सोपी, (१, १). प्रत्येक ओळीची बेरीज १ असल्यामुळे ती जशीच्या तशी परत येते, म्हणून दुसरं आयगेनमूल्य १. धाकट्या पंपाची आयगेनमूल्यं तशाच रीतीने १ आणि ०.२. त्याच्या ०.२ ची जोडी (१, −३).

दोन बाय दोनच्या मॅट्रिक्ससाठी पडताळा हाताशी असतो. कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, जिला ट्रेस म्हणतात, ती आयगेनमूल्यांच्या बेरजेइतकी असते. दहावीत शिकलेला निश्चयक त्यांच्या गुणाकाराइतका असतो. मोठ्या पंपाचा ट्रेस ०.९ + ०.५ = १.४ आणि निश्चयक ०.४५ − ०.०५ = ०.४. ज्यांची बेरीज १.४ आणि गुणाकार ०.४, असे आकडे १ आणि ०.४ हेच.

आतापर्यंत दोन पंप वेगवेगळे पाहिले. सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र दोन्ही एकत्र हवे असतात. त्याच्या दृष्टीने अवस्था चार: दोन्ही चालू, फक्त मोठा चालू, फक्त धाकटा चालू, दोन्ही बिघडलेले. चौथी अवस्था आली की टँकर मागवायचा. या चार अवस्थांचं मॅट्रिक्स चार बाय चारचं, सोळा आकड्यांचं. ते मांडायला वही पुन्हा चाळावी लागत नाही, मात्र एक अट आहे: एका पंपाच्या बिघाडाचा किंवा दुरुस्तीचा दुसऱ्याशी काहीही संबंध नसावा. सध्या असं धरू की दोन्ही पंपांची दुरुस्ती दोन वेगवेगळी माणसं करतात आणि वीजपुरवठा चांगला आहे.

मग आज दोन्ही चालू असताना उद्याही दोन्ही चालू असण्याची शक्यता ०.९ × ०.८, म्हणजे ०.७२. अशा सोळा गुणाकारांना एक शिस्त आहे. मोठ्या पंपाच्या मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा घ्यायचा आणि त्याच्या जागी धाकट्या पंपाचं अख्खं मॅट्रिक्स त्या आकड्याने गुणून ठेवायचं. ०.९ च्या जागी ०.९ पट धाकटा, ०.१ च्या जागी ०.१ पट धाकटा, आणि खाली दोन्हीकडे ०.५ पट धाकटा.

```
०.७२  ०.१८ | ०.०८  ०.०२
०.५४  ०.३६ | ०.०६  ०.०४
-----------+-----------
०.४०  ०.१० | ०.४०  ०.१०
०.३०  ०.२० | ०.३०  ०.२०
```

मॅट्रिक्सच्या या गुणाकाराला क्रोनेकर गुणाकार म्हणतात. तो ⊗ या चिन्हाने लिहितात. नाव बर्लिनच्या लिओपोल्ड क्रोनेकर या गणितज्ञाचं आहे, पण यात त्याचा वाटा नेमका किती, हा वादाचाच विषय. अशा मॅट्रिक्सच्या निश्चयकाचा नियम योहान गेओर्ग त्सेहफुस या फारशा न गाजलेल्या जर्मन गणितज्ञाने १८५८ मध्येच छापला होता. पुढे काही लेखकांनी त्सेहफुसचं नाव रुजवायचा प्रयत्नही केला, पण तो चालला नाही. एकदा पाठ्यपुस्तकात गेलेलं नाव बाहेर काढणं अवघड, हे गणितातही तितकंच खरं.

आता मुख्य प्रश्न. या चार बाय चारच्या चौकोनाची आयगेनमूल्यं कोणती? सरळ मार्गाने गेलं तर चौथ्या घाताचं समीकरण मांडावं लागेल. ते सोडवणं म्हणजे अर्धा दिवस आणि हमखास चुका. पण त्याची गरजच नाही. मोठ्या पंपाची आयगेनमूल्यं १ आणि ०.४, धाकट्याची १ आणि ०.२. एकातलं प्रत्येक दुसऱ्यातल्या प्रत्येकाशी गुणा: १, ०.४, ०.२ आणि ०.०८. झालं. ग्रीक गणितज्ञ किपारिसोस स्तेफानोस याने १९०० मध्ये हा नियम मांडला. मॅट्रिक्स दोन बाय दोनचीच हवीत असंही नाही. तीन बाय तीन आणि चार बाय चारची घेतली, तर बारा गुणाकार मिळतात आणि तीच त्या बारा बाय बाराच्या मॅट्रिक्सची बारा आयगेनमूल्यं.

पडताळा लगेच होतो. मोठ्या चौकोनाच्या कर्णावर ०.७२, ०.३६, ०.४० आणि ०.२० आहेत, बेरीज १.६८. आपल्या चार आयगेनमूल्यांची बेरीजही १.६८. शिवाय १.६८ म्हणजे दोन छोट्या ट्रेसचा, १.४ आणि १.२ चा, गुणाकार.

बेरीज जुळली म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे, म्हणून आतली यंत्रणा बघू. मोठ्याची खास जोडी (१, −५) आणि धाकट्याची (१, −३) घ्या. जशी मॅट्रिक्स गुंफली तशाच या जोड्या गुंफायच्या: १ च्या जागी (१, −३), आणि −५ च्या जागी (१, −३) ची −५ पट. मिळतो चार आकड्यांचा सदिश (१, −३, −५, १५). यावर मोठा चौकोन चालवायचा. चौकोनातली प्रत्येक लहान चौकट म्हणजे धाकट्या पंपाचं मॅट्रिक्सच आहे, बाहेर फक्त एक आकडा लागलेला. तिच्यासमोर (१, −३) ची काहीतरी पट येते, आणि धाकटं मॅट्रिक्स (१, −३) ला नेहमी ०.२ पट करूनच परत देतं. हा ०.२ प्रत्येक चौकटीतून सारखाच बाहेर पडतो. मागे उरतात बाहेरचे आकडे: वरच्या ओळीत ०.९ × १ अधिक ०.१ × (−५), खालच्या ओळीत ०.५ × १ अधिक ०.५ × (−५). हा तर मोठ्या पंपाचाच जुना हिशेब, आणि त्यातून ०.४ निघतो. दोन्ही मिळून ०.४ × ०.२ = ०.०८. विश्वास नसेल तर शेवटची ओळ थेट गुणून बघा: ०.३० − ०.६० − १.५० + ३.०० = १.२०, आणि १५ ची ०.०८ पट १.२० च आहे.

ही सोय मॅट्रिक्सच्या नेहमीच्या गुणाकारात नाही. परीक्षेत विद्यार्थी नेमके इथे फसतात: आयगेनमूल्यं गुणायची असं डोक्यात बसलं, की ते कुठल्याही गुणाकाराला तोच नियम लावतात. ही दोन मॅट्रिक्स पाहा:

```
०  १        ०  ०
०  ०        १  ०
```

दोन्हींची आयगेनमूल्यं शून्य, फक्त शून्य. पण नेहमीच्या रीतीने गुणली तर डाव्या वरच्या कोपऱ्यात १ येतो, बाकी सगळीकडे शून्य, आणि आयगेनमूल्यं १ आणि ० निघतात. शून्याला शून्याने गुणून १ आलं. नेहमीच्या गुणाकारात दोन्ही मॅट्रिक्स एकाच सदिशावर, एकापाठोपाठ एक काम करतात. एकाची खास जोडी दुसऱ्याची खास असेलच असं नाही, त्यामुळे नियम मोडतो. क्रोनेकर गुणाकारात प्रत्येकाला आपापली जोडी मिळते, कुणी कुणाच्या कामात लुडबुड करत नाही. म्हणून याच दोन मॅट्रिक्सच्या क्रोनेकर गुणाकाराची चारही आयगेनमूल्यं नियमाप्रमाणे शून्यच येतात.

खरं तर या मॅट्रिक्सना पुरेशा खास जोड्याच नाहीत. दोन हव्यात, तिथे प्रत्येकी एकच मिळते. मग वरची जोड्या गुंफण्याची युक्ती चालत नाही, तरीही आयगेनमूल्यांचा नियम टिकतो. कारण इसाय शूर याने १९०९ मध्ये दाखवल्याप्रमाणे कोणतंही चौरस मॅट्रिक्स योग्य कोनातून पाहिलं, तर कर्णाखाली सगळे शून्य अशा त्रिकोणी रूपात येतं आणि आयगेनमूल्यं कर्णावर ओळीने बसतात. दोन त्रिकोणी मॅट्रिक्सचा क्रोनेकर गुणाकारही त्रिकोणी, आणि त्याच्या कर्णावर कर्णांचेच गुणाकार. एवढ्याने काम भागतं. मात्र दोन्ही मॅट्रिक्स चौरस हवीत, ही अट विसरायची नाही. (१ २) ही एक ओळ आणि ३, ४ हा एक स्तंभ यांचा क्रोनेकर गुणाकार दोन बाय दोनचा होतो, त्याला ११ आणि ० अशी आयगेनमूल्यंही असतात. पण ओळीला आणि स्तंभाला स्वतःची आयगेनमूल्यं नसतातच, तर गुणणार काय?

परत पंपांकडे येऊ. हे चार आकडे नुसते उत्तर म्हणून लिहून मोकळं होण्याजोगे नाहीत. प्रत्येकाला अर्थ आहे, आणि माझ्या मते या नियमाची खरी गंमत तिथेच आहे.

१ हे दूरवरचं चित्र. कितीही दिवस गेले तरी जे टिकतं ते या आयगेनमूल्याचं. मोठा पंप दीर्घकाळात सहापैकी पाच दिवस चालू असतो, धाकटा चारपैकी तीन दिवस. दोन्ही एकदम बिघडलेले असण्याची शक्यता एक षष्ठांश गुणिले एक चतुर्थांश, म्हणजे चोविसातून एक. वर्षाला साधारण १५ दिवस टँकरचे.

०.४ ही मोठ्या पंपाची आठवण, ती आपण पाहिलीच. ०.२ ही धाकट्याची. चारांत १ सोडून सर्वांत मोठा आकडा ०.४ आहे, म्हणून अख्खी जोडी आपल्या नेहमीच्या चित्राकडे किती लवकर परतेल हे मोठा पंप ठरवतो. धाकट्याची आठवण त्याच्या खूप आधी पुसली जाते.

आणि ०.०८? ही कोणत्याच एका पंपाची आठवण नाही. ही त्या दोघांच्या संबंधाची आठवण आहे. समजा रात्री वादळ झालं आणि सकाळची स्थिती अशी: निम्मी शक्यता दोन्ही चालू, निम्मी शक्यता दोन्ही जळाले. मोठा चालू असण्याची शक्यता ०.५, धाकट्याचीही ०.५. दोघांचा एकमेकांशी संबंध नसता तर दोन्ही चालू असण्याची शक्यता ०.२५ असती. प्रत्यक्षात ती ०.५ आहे. फरक ०.२५, आणि हा फरक म्हणजे वादळाने दोघांना बांधलेली गाठ. दुसऱ्या दिवशी काय होतं? पहिल्या स्तंभातले पहिला आणि शेवटचा आकडा घेऊन सरासरी काढा: ०.७२ आणि ०.३० ची सरासरी ०.५१. ही दोन्ही चालू असण्याची नवी शक्यता. मोठा चालू असण्याची शक्यता ०.९ आणि ०.५ ची सरासरी, ०.७०. धाकट्याची ०.८ आणि ०.६ ची सरासरी, तीही ०.७०. यांचा गुणाकार ०.४९. फरक उरला ०.०२, म्हणजे ०.२५ ची बरोबर ०.०८ पट. तिसऱ्या दिवशी तो ०.००१६ होईल. दोन स्वतंत्र यंत्रांमधलं नातं प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या आठवणीपेक्षा लवकर विरतं, कारण ते दोघांच्याही विसरण्यातून जातं.

पंप दोन न राहता दहा झाले, तर अवस्था १,०२४ होतात आणि मॅट्रिक्समध्ये दहा लाखांहून जास्त आकडे भरतात. आयगेनमूल्यं मात्र दहा छोट्या आकड्यांच्या गुणाकारांतून निघतात. मोठ्या यंत्रणा अशा छोट्या मॅट्रिक्समध्ये विभागून मांडायची पद्धत फ्रान्सच्या ब्रिजिट प्लातो यांनी १९८० च्या दशकात समांतर संगणकप्रणालींच्या अभ्यासासाठी विकसित केली. त्यांच्यापुढची खरी अडचण मात्र यंत्रं स्वतंत्र नसण्याची होती, आणि तीच आपल्या सोसायटीत येणार आहे.

सोसायटीने खर्च वाचवायला दोन माणसांऐवजी एकच मिस्त्री ठेवला असं धरा. एकच पंप बिघडला तर फरक नाही. पण दोन्ही बिघडले तर मिस्त्री आधी मोठा हातात घेतो, आणि त्या दिवशी धाकट्याला हात लागत नाही. आता आपल्या चौकोनाची फक्त शेवटची ओळ बदलते: दोन्ही बिघडलेले असताना उद्या फक्त मोठा चालू होण्याची शक्यता ०.५, दोन्ही तसेच राहण्याची ०.५, बाकी दोन्ही जागी शून्य.

```
०.७२  ०.१८ | ०.०८  ०.०२
०.५४  ०.३६ | ०.०६  ०.०४
-----------+-----------
०.४०  ०.१० | ०.४०  ०.१०
०     ०.५० | ०     ०.५०
```

सोळापैकी चारच आकडे बदलले आहेत. घाईत बघणारा म्हणेल, जवळजवळ तेच आहे, आयगेनमूल्यं गुणून टाका. पण आधी चौकटी तपासायला हव्यात. क्रोनेकर गुणाकार असेल तर चारही लहान चौकटी एकमेकींच्या पटीत असायलाच हव्यात, कारण सगळ्या एकाच मॅट्रिक्सच्या पटी. वरच्या डाव्या चौकटीत पहिल्या ओळीचं प्रमाण ०.७२ ला ०.१८, म्हणजे चारास एक. खालच्या उजव्या चौकटीतही ०.४० ला ०.१०, चारास एक. इथपर्यंत सगळं ठीक दिसतं, आणि फसगत इथेच होते. दुसऱ्या ओळीत वर ०.५४ आणि ०.३६, खाली शून्य आणि ०.५०. इथे प्रमाण जुळत नाही. म्हणजे हा चौकोन कोणत्याही दोन छोट्या मॅट्रिक्सचा क्रोनेकर गुणाकार नाही, आणि गुणून आलेले चार आकडे आता लागू नाहीत. ट्रेसही तेच सांगतो: १.९८ आला, १.६८ नाही.

खरी आयगेनमूल्यं काढली तर १, ०.४३२, ०.४ आणि ०.१४८ येतात (शेवटचे अंक जवळपासचे). १ आणि ०.४ जागच्या जागी राहिले, कारण मिस्त्री मोठ्या पंपाला नेहमीच प्राधान्य देतो. मोठ्याला दुसऱ्या पंपाचं अस्तित्वही जाणवत नाही. बदल झाला तो धाकट्याच्या ०.२ मध्ये आणि नात्याच्या ०.०८ मध्ये: त्यांच्या जागी ०.४३२ आणि ०.१४८ आले. म्हणजे आता सर्वांत जास्त लांबणारी आठवण मोठ्या पंपाची नाही, ती धाकट्याच्या ताटकळण्याची आहे. आणि दोन्ही पंप एकदम बिघडलेले असण्याची दीर्घकाळातली शक्यता चोविसातून एकवरून ०.०६३ वर जाते. वर्षाला १५ दिवसांच्या जागी २३ दिवस. एक मिस्त्री कमी करून वाचलेल्या पैशांतून आठ जादा टँकर वजा करून मगच सेक्रेटरीने पाठ थोपटून घ्यावी.

एक बारीक गोष्ट संगणकावर हे करणाऱ्यांसाठी. दोन्ही पंप अगदी सारखे असतील, दोघांचं आयगेनमूल्य ०.४, तर गुणाकार येतात १, ०.४, ०.४ आणि ०.१६. ०.४ दोनदा. पायथनमध्ये `np.kron` ने चौकोन बनवून `np.linalg.eig` चालवलं तर आयगेनमूल्यं ठीक येतील, पण ०.४ साठी येणारे सदिश दोन जोड्यांच्या गुंफणीतून बनलेले असतीलच याची हमी नाही. उदाहरणार्थ (२, −४, −४, −१०) हा सदिशही ०.४ चा खरा आयगेनसदिश आहे, पण तो कोणत्याही दोन जोड्या गुंफून मिळत नाही. ओळखायचं असं: पहिला आणि चौथा आकडा गुणा, −२०. दुसरा आणि तिसरा गुणा, १६. गुंफलेल्या सदिशात हे दोन गुणाकार समान असतात. वरच्या (१, −३, −५, १५) मध्ये ते दोन्ही १५ आहेत. इथे प्रोग्रॅम चुकला असं समजून तासभर वाया घालवू नये. एकच आयगेनमूल्य दोन वाटांनी आलं की त्या दोन वाटांचं कुठलंही मिश्रण चालतं, आणि संगणक त्यातलं कोणतं उचलेल ते त्याच्या मर्जीवर.

हात चालवून बघायचा असेल तर सोसायटीला तिसरा पंप द्या: चालूवरून चालू ०.७, बिघडलेल्यावरून चालू ०.२, आणि तिन्ही पंपांना आपापला मिस्त्री. आठ आयगेनमूल्यं काढा. त्यांत ०.२ दोनदा येईल. त्यातला एक धाकट्या पंपाच्या आठवणीचा आणि दुसरा एका जोडीतल्या नात्याचा. ती जोडी कोणती ते शोधून काढा. आठांची बेरीज २.५२ आली, तर तुमचं उत्तर बरोबर.